जुनी आठवण आणि जुने माप

जोडीदाराच्या बोलण्यात त्याच्या आधीच्या नात्यातली व्यक्ती वारंवार येऊ लागली की ऐकणाऱ्याच्या मनात एकच अर्थ उमटतो, तो म्हणजे ‘हिचे किंवा ह्याचे मन अजून तिकडेच आहे’. हा अर्थ कधी खरा असतो, पण बऱ्याचदा तो चुकीच्या जागी लावलेला असतो; कारण जुने माणूस आठवणे आणि जुन्या माणसाच्या मापाने समोरच्याला मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी असून दोन्हींत नाव मात्र एकच येते.

लातूरच्या औसा रोडवर राहणारे एक जोडपे डोळ्यांसमोर आणू. लग्नाला दोन वर्षे झाली आहेत, त्याचे औषधांचे दुकान आहे आणि ती शाळेत शिकवते. बारावीच्या क्लासच्या दिवसांत त्याचे एका मुलीवर प्रेम होते, पुढे सोयरीक जमली नाही, आणि हे त्याने लग्नाआधीच सांगितलेले आहे. एका संध्याकाळी नळाला पाणी न आल्याचा विषय निघतो आणि तो म्हणतो, “2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ना, त्या उन्हाळ्यात तिच्या घरून आमच्या मेसला दोन घागरी यायच्या. तिची आई लई कटकट करायची, पण द्यायची.” चार दिवसांनी बायको त्याला म्हणते, “उद्या तुम्ही बाबांना दवाखान्यात न्याल का? माझी परीक्षेची ड्यूटी आहे.” त्यावर तो उत्तरतो, “ती असती तर मला हे सांगावं लागलं नसतं.”

दोन्ही वाक्यांत तीच मुलगी आहे आणि बायकोला दोन्ही वाक्ये सारखीच टोचली, तर त्यात नवल नाही. तरीही पहिल्या वाक्याला एक काळ आहे, एक जागा आहे, पाण्याची टंचाई आहे आणि कटकट करणारी आईसुद्धा आहे. त्यात मुलगी हे एका गेलेल्या उन्हाळ्यातले माणूस आहे आणि बायकोकडून काहीही मागितलेले नाही. दुसऱ्या वाक्यात ना काळ आहे ना प्रसंग. ‘असती तर’ या संकेतार्थाच्या दाराने ती मुलगी आजच्या घरात आणून उभी केली आहे आणि तिच्यात एकही उणीव ठेवलेली नाही. प्रत्यक्षात तिने त्याच्या वडिलांना कधी दवाखान्यात नेलेले नाही. न घडलेल्या संसारातले माणूस कधी थकत नाही, आणि म्हणूनच त्याच्याशी कोणालाही बरोबरी करता येत नाही.

माझ्या मते वाक्य भूतकाळात आहे की संकेतार्थात, ही आठवण आणि मोजणे यांतला फरक ओळखण्याची सर्वांत सोपी खूण आहे, पण ती एकटी पुरेशी नाही. वाक्याच्या अगोदर काय घडले हेही पाहावे लागते. पहिल्या वेळी पाण्याचा विषय होता, दुसऱ्या वेळी तिने काही मागितले होते. दोन-तीन आठवडे असे उल्लेख केव्हा होतात याकडे लक्ष दिले आणि ते बहुतेक वेळा मागणी, नकार किंवा तक्रार यांच्या लगेच पाठोपाठ येत असल्याचे दिसले, तर त्या उल्लेखाचे काम आठवण सांगण्याचे नसून विषय फिरवण्याचे आहे. बाबांना कोण नेणार हा प्रश्न बाजूला पडतो आणि आपण कमी आहोत की नाही याचा खुलासा ती करत बसते.

मोजण्यातही एक उपभेद आहे आणि खरा गोंधळ तिथेच होतो. जॉन थिबो आणि हॅरॉल्ड केली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1959 साली मांडले की माणूस आपले नाते दोन पट्ट्यांनी मोजतो. नात्यातून आपल्याला काय मिळायला हवे, ही पहिली पट्टी आपल्या जुन्या अनुभवांतून आणि आजूबाजूचे संसार पाहून तयार होते. हे नाते सोडले तर दुसरीकडे काय मिळू शकेल, ही दुसरी पट्टी. पहिलीवरून माणूस किती समाधानी आहे हे ठरते आणि दुसरीवरून तो टिकेल की जाईल हे. “भावजींनी ताईच्या नावावर संभाजीनगरला प्लॉट घेतला” असे बायको म्हणते तेव्हा ती बहुधा पहिल्या पट्टीने बोलत असते; नवऱ्याला मात्र त्यात दुसरी पट्टी ऐकू येते आणि तो सोडून जाण्याच्या भीतीला उत्तर देऊ लागतो. अशा वेळी “तुला नेमकं काय हवंय?” एवढे विचारले तर पहिल्या पट्टीने बोलणारा माणूस काहीतरी ठोस सांगतो: भविष्याची काळजी वाटते, महिन्याला थोडी बचत व्हावी. ज्याला फक्त समोरच्याला खाली ठेवायचे असते, त्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर नसते, कारण मागणी पूर्ण झाली तर तुलनेचा उपयोगच संपतो.

दुसऱ्या पट्टीबद्दल जॉन्सन आणि रस्बल्ट या संशोधकांच्या 1989 च्या अभ्यासातून एक लक्षणीय गोष्ट पुढे आली होती. नात्याशी मनाने बांधलेली माणसे आकर्षक पर्याय समोर आला की नकळत त्याचे मोल कमी लेखतात. म्हणून कोणी ऑफिसातल्या एखाद्या व्यक्तीला सतत उंच चढवत असेल, तर तिथे बांधिलकी सैल झालेली असू शकते. पण हा निष्कर्ष आज उपलब्ध असलेल्या पर्यायाबद्दल आहे. दहा वर्षांपूर्वीच्या, आता लग्न होऊन गेलेल्या मुलीला तो तसाच लावता येत नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. लातूर-नांदेडच्या क्लासच्या वातावरणात वाढलेल्या मुलांनी ‘काकाच्या पोराला बघ किती मार्क पडले’ हे वाक्य जेवणाच्या ताटावर ऐकलेले असते. अशा घरातल्या माणसाला तुलना म्हणजेच काळजी वाटते आणि तो तीच भाषा संसारात आणतो. या भाषेनेही समोरचा दुखावतोच, पण ती सवय असेल तर दाखवून दिल्यावर हळूहळू सुटते.

म्हणून शेवटची खूण म्हणजे सांगितल्यानंतरचे वागणे. औसा रोडवरच्या बायकोने भांडणाच्या भरात नव्हे, तर शांत वेळी सांगितले, “तुम्ही तिची जुनी गोष्ट सांगता त्याचं मला काही नाही. पण ‘ती असती तर’ म्हणता तेव्हा मला कमी लेखल्यासारखं वाटतं.” तो पहिल्यांदा म्हणाला, “तू उगं मनाला लावून घ्यायलीस.” एवढ्यावरून निकाल लावणे घाईचे ठरले असते, ओशाळलेला माणूसही आधी असेच बोलतो. पुढचे तीन-चार आठवडे पाहणे महत्त्वाचे होते. त्या काळात वाक्ये कमी न होता पाहुण्यांसमोर होऊ लागली असती, तिच्या दिसण्यावर किंवा स्वयंपाकावर घसरली असती, आणि तिने आपल्या गरजा सांगणेच सोडून दिले असते, तर तो छळ ठरला असता. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा अपमान आणि टिंगल यांनाही शाब्दिक व भावनिक हिंसा मानतो, आणि 181 या महिला हेल्पलाइनवर त्याबद्दल बोलता येते.

इथे तसे झाले नाही. तिसऱ्या आठवड्यात गोळ्या आणायच्या राहिल्या म्हणून तो “ती अस...” इथपर्यंत आला आणि थांबला. मग म्हणाला, “दुकानातून येताना मीच आणतो. दिवसभर उभं राहून वैताग येतो गं.” त्या वाक्यामागची खरी तक्रार दोन वर्षांत तिला पहिल्यांदाच ऐकू आली.