सोयाबीनच्या पाऊण तासाच्या भाषणातून एका कागदाचं पत्रक कसं काढायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या पट्ट्यात मे महिन्यात शेतकरी मेळावे सुरू होतात आणि सोयाबीनवर एक तरी भाषण असतंच, त्यात वाण, जमीन, बीजप्रक्रिया, खत, तण, कीड सगळं पाऊण तासात येतं. माणूस चहा पिऊन घरी जातो आणि घरात चार पोती बी पडलेलं असतं, त्याचं काय करायचं ते मात्र तसंच राहतं. त्या भाषणाचं पत्रक करायचं म्हटलं की बहुतेकजण भाषण आखडतात, म्हणजे सगळे मुद्दे ठेवून वाक्यं बारीक करतात आणि अक्षर त्याहून बारीक करतात. माझ्या मते एक पत्रक म्हणजे एकच निर्णय. इथं तो निर्णय असा: घरचं बी यंदा पेरायचं का नाही आणि पेरलं तर एकरी किती. खत, तण, कीड चांगली माहिती असली तरी ह्या कागदावरून बाहेर, त्यांचे कागद वेगळे करा.

भाषणात ह्याबद्दल साधारण असं वाक्य असतं: "सोयाबीनचे बीजावरण नाजूक असल्याने यांत्रिक इजेमुळे उगवणक्षमतेत घट संभवते, सबब उगवणक्षमता ७० टक्क्यांपेक्षा कमी आढळल्यास हेक्टरी ७५ किलो ह्या प्रमाणात योग्य ती वाढ करावी." ह्यात चूक काहीच नाही, पण कोणी काय करायचं ते कुठंच नाही. "आढळल्यास" म्हणजे कोणाला आढळणार, कधी, कसं? शिवाय आमच्याकडं हेक्टर कोण बोलतंय, सगळा हिशोब एकर-गुंठ्याचा. हेक्टरी ७५ म्हणजे एकरी ३० किलो, हा भागाकार पत्रक लिहिणाऱ्यानं करून द्यायचा, शेतकऱ्यावर सोडायचा नाही.

कारण मात्र एका ओळीत ठेवावं, कारण कळलं की माणूस मन लावून करतो. सोयाबीनचं साल पातळ असतं आणि कोंबाचं मूळ त्या सालाला अगदी चिकटून असतं, त्यामुळं मळणी मशीनचा ड्रम जोरात फिरला किंवा पोतं वरनं आपटलं तर वरनं दाणा चांगला दिसतो पण आतलं मूळ मोडलेलं असतं. म्हणून डोळ्यानं बघून बी ठरवता येत नाही, उगवूनच बघावं लागतंय.

आता पत्रकाचा मजकूर. चार चित्रं आणि प्रत्येकाखाली हे:

१. प्रत्येक पोत्यातनं वरचे, मधले, तळचे थोडे थोडे दाणे घ्या. एकत्र करा. न निवडता १०० मोजा.

२. पोत्याचं तरट भिजवून पिळा. त्यावर १० ओळी, ओळीत १० दाणे ठेवा. दुसरं ओलं तरट वर टाका, गुंडाळी करा, सैल बांधा. दर वेळी नवे १०० दाणे मोजून अशा ३ गुंडाळ्या करा.

३. सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. पाण्यात बुडवू नका.

४. ७ दिवसांनी उघडा. चांगले कोंब मोजा.

"न निवडता" हे शब्द कापू नका, कारण हात आपोआप चांगल्या दाण्याकडं जातो आणि मग आकडा उगाच वाढतो. "बुडवू नका" का, तर सोयाबीन पाणी फार पटकन ओढतं, त्यानं आतला जीव फाटतो आणि हवा न मिळून दाणा कुजतो, म्हणजे चांगलं बीसुद्धा नापास होतंय.

सगळ्यात जास्त जागा चौथ्या चित्राला द्या, गडबड होते ती इथंच. मूळ जरा बाहेर दिसलं की लोक "उगवलं" म्हणून मोजतात. खरं तर मूळ सरळ लांब पाहिजे, देठ धड पाहिजे आणि दोन्ही डाळी जागेवर पाहिजेत. मूळ खुंटलेलं, डाळी तुटून पडलेल्या, देठ चिरलेला, बुरशीनं कुजलेला, हे सगळे बाद. त्यामुळं चौथं चित्र दोन भागात करायचं, डावीकडं मोजायचा कोंब, उजवीकडं न मोजायचे चार. ते खऱ्या आकाराचे काढायचे किंवा शेजारी काडेपेटीची काडी काढायची, नाहीतर कोंब हातभर मोठा काढला की लोकांना ते दुसरंच कसलं तरी रोप वाटतं.

बादवाल्यांवर लाल फुली आणि चांगल्यावर हिरवी खूण करायचा मोह होतो. पण हा कागद पुढं गावातल्या झेरॉक्सवर निघणार, तिथं लाल-हिरवं दोन्ही काळंच येतं आणि फुलीखाली नेमकं मोडलेलं मूळ झाकून जातं. त्यापेक्षा चित्राखाली जाड अक्षरात "मोजा" आणि "मोजू नका" लिहा. फोटोपेक्षा रेघेचं चित्र बरं, झेरॉक्समध्ये फोटोचा नुसता डाग होतो.

मग हिशोब. समजा तीन गुंडाळ्यात ६४, ६८ आणि ६० चांगले कोंब निघाले. बेरीज १९२, भागिले ३, सरासरी ६४. भाषणातल्या आकड्यांवरून सूत्र मांडलं तर ३० गुणिले ७०, भागिले ६४, म्हणजे एकरी ३३ किलोच्या जवळपास. हे सूत्र पत्रकावर छापू नका. त्याजागी तीन ओळी पुरतात: ७० किंवा जास्त निघाले तर एकरी ३० किलो, ६० ते ६९ निघाले तर ३५ किलो, ६० च्या खाली गेले तर हे बी पेरू नका, दुसरं घ्या. आमच्या ६४ वाल्याला इथं ३५ मिळतात, म्हणजे दोन किलो जास्तीचे. काटेकोर माणसाला हे खुपेल, पण दोन किलो बी जास्त जाणं परवडतं, हिशोब चुकून रान विरळ होणं परवडत नाही.

छापायच्या आधी चित्रं मजकूर झाकून चार-पाच जणांना दाखवा, त्यात घरात बी निवडणाऱ्या बायका असू द्यात. "समजलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "ह्या चित्रात माणूस काय करतोय?" आणि "ह्यातले किती कोंब तुम्ही मोजाल?" असं विचारा. गुंडाळीचं चित्र चपातीचं पीठ किंवा चटई वाटत असेल तर हात आणि तरटाची वीण दिसेल असं परत काढा, खाली अजून एक वाक्य जोडून ते भागत नाही.

पत्रकाला एक मर्यादाही लिहावी लागते. गुंडाळीत ओल कायम असते, रानात नसते. सोयाबीन उगवताना दोन्ही डाळी डोक्यावर घेऊन माती फोडून वर येतं, म्हणून कुरीनं दोन इंचापेक्षा खोल पडलं किंवा पेरल्यावर जोराचा पाऊस होऊन वर पापडी धरली तर ८० टक्क्याचं बीसुद्धा मान मोडून आतच राहतं. म्हणून तळाला एकच ओळ: "दीड इंच खोल पेरा, पुरेशी ओल झाल्यावरच पेरा."

तारीखही ठरवून छापा. गुंडाळीला सात दिवस लागतात आणि बी नापास झालं तर रयत संपर्क केंद्रात जाऊन दुसरं आणायला वेळ पाहिजे, म्हणून मृगाच्या तोंडावर पत्रक वाटून काही उपयोग नाही. आणि फेब्रुवारीत केलेली चाचणीही चालत नाही, उन्हाळ्यात उकाड्यात आणि दमट घरात सोयाबीनचा जीव लवकर उतरतो. मथळ्याखालीच मोठ्या अक्षरात लिहा: "ही चाचणी १० ते २० मे च्या दरम्यान करा."