जिआर्डिया: पहिल्या तपासणीत निसटणारा परजीवी

समजा, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या घरातील सात वर्षांच्या मुलाला दहा-बारा दिवस पातळ, तेलकट आणि उग्र वासाचे शौच होत आहे, पोट फुगते आहे, वजन घटते आहे; पण ताप नाही आणि शौचात रक्तही नाही. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘परजीवी आढळले नाहीत’ असे लिहून आले, की घरचे लोक निर्धास्त होतात. हा अहवाल खोटा नसतो, तरीही मुलाच्या आतड्यात जिआर्डिया असू शकतो. याचे कारण त्या जीवाच्या शरीररचनेतच आहे.

जिआर्डियाच्या आतड्यात वावरणाऱ्या अवस्थेला ट्रोफोझॉइट म्हणतात. ही एकच पेशी सुमारे 12 ते 15 मायक्रॉन लांबीची, एका टोकाला रुंद व दुसऱ्या टोकाला निमुळती, पाठीकडून फुगीर आणि पोटाकडून चपटी असते. तिच्यात दोन केंद्रके असतात आणि पोहण्यासाठी कशाभिकांच्या, म्हणजे चाबकासारख्या बारीक तंतूंच्या, चार जोड्या असतात. मिठाच्या पाण्यात ताजा नमुना घेऊन पाहिला, तर झाडावरून गळणाऱ्या पानासारखी ती हेलकावे घेत, उलटीपालटी होत जाताना दिसते. ज्याने हे एकदा पाहिले, तो तिला सहसा विसरत नाही. पण तिचे खरे वैशिष्ट्य म्हणजे चपट्या बाजूवरची चकती. सूक्ष्मनलिकांच्या सर्पिल वेटोळ्यांनी बनलेल्या या चकतीच्या साहाय्याने ती लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील पेशींना घट्ट चिकटते. ती ऊतीत शिरत नाही, म्हणूनच शौचात सहसा रक्त किंवा पू दिसत नाही.

थोडक्यात, जीव लहान आतड्याच्या वरच्या टोकाला चिकटून बसलेला असतो आणि आपण त्याला शोधतो ते काही मीटर खाली, शौचात. निसटून खाली वाहत गेलेल्या ट्रोफोझॉइटपैकी बऱ्याच वाटेत आपल्याभोवती कवच तयार करून सिस्ट बनतात. जुलाब जोराचे असतील, तर कवच बनण्याआधीच त्या बाहेर पडतात. मात्र बाहेर त्या फार काळ तग धरत नाहीत. त्यामुळे सकाळी डबीत घेतलेला पातळ नमुना दुपारी तपासला, तर त्यातील ट्रोफोझॉइट ओळखू न येण्याइतक्या विरून गेलेल्या असतात.

सिस्टचे तसे नाही. चार केंद्रके असलेली ही कवचबंद अवस्था थंड पाण्यात कित्येक आठवडे जिवंत राहते आणि दहाएक सिस्ट पोटात गेल्या तरी आजार होऊ शकतो. ज्या वस्तीत पाणी दिवसातून थोडाच वेळ येते, तेथे पुरवठा बंद झाल्यावर नळातील दाब उतरतो आणि शेजारच्या गळक्या गटाराचे पाणी फटीतून आत ओढले जाऊ शकते. मग पाणी सोसायटीच्या जमिनीखालील टाकीत साठते. नळाच्या पाण्यात ठेवले जाते तेवढे क्लोरीन कॉलरा-टायफॉइडचे जंतू मारते, पण या कवचापुढे बरेच अपुरे पडते. म्हणून जिवाणूंच्या चाचणीत उत्तीर्ण झालेल्या पाण्यातही जिआर्डिया असू शकतो. पाणी एक मिनिट खळखळून उकळणे हा घरातला खात्रीचा उपाय होय. फडक्याने गाळून मात्र काही साधत नाही.

आता तपासणीकडे येऊ. काचपट्टीवर साधारण 2 मिलिग्रॅम शौच घेतले जाते. मुलाने दिवसभरात 150 ग्रॅम शौच केले असेल, तर आपण त्याचा 75,000 वा हिस्सा पाहतो. शिवाय सिस्ट रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाहीत. काही दिवस भरपूर, मग काही दिवस जवळजवळ नाहीतच. आजाराच्या सुरुवातीला तर लक्षणे दिसू लागली तरी सिस्ट अद्याप शौचात आलेल्या नसतात. आधीच घेतलेली प्रतिजैविके आणि काही आम्लनाशके यांनीही परजीवी दिसणे अवघड होते.

समजा, एका नमुन्यात 100 पैकी 60 रुग्ण सापडतात. उरलेल्या 40 पैकी दुसऱ्या नमुन्यात 24 आणि मग उरलेल्या 16 पैकी तिसऱ्यात सुमारे 10 सापडले, तर एकूण 94 होतात. प्रत्यक्षात हे गणित इतके सरळ नसते, कारण ज्यांच्या शौचात सिस्ट मुळातच कमी येतात, ते प्रत्येक वेळी निसटण्याची शक्यता जास्त असते. तरीही यावरून एका अहवालावर थांबणे का पुरेसे नाही, ते कळते. हे तीन नमुने एकाच दिवसाचे नसावेत. एक-दोन दिवसांच्या अंतराने, दहा दिवसांच्या आत घेतलेले असावेत. लगेच तपासणी होणार नसेल, तर प्रयोगशाळेकडून परिरक्षक द्रव घातलेली डबी मागून घ्यावी.

जिआर्डियाची प्रथिने शोधणारी अँटिजेन चाचणी किंवा त्याचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी या अडचणी बऱ्याच कमी करते, कारण तिथे अखंड पेशी डोळ्यांनी ओळखावी लागत नाही. मात्र अँटिजेन चाचणी ज्यासाठी बनवली आहे, तेवढेच सांगते. जंताची अंडी किंवा अन्य परजीवी असतील, तर त्यांच्यासाठी पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडेच जावे लागते.