'तलवारीची आयत': आधीच्या चार आणि नंतरच्या एका आयतीसह

कुरआनच्या नवव्या सूरहमधली, म्हणजे सूरह तौबा या अध्यायातली पाचवी आयत 'तलवारीची आयत' म्हणून ओळखली जाते. हे नाव नंतरच्या भाष्यकारांनी दिलेले आहे. खुद्द कुरआनात तलवारीसाठीचा 'सैफ' हा नेहमीचा अरबी शब्द कुठेच येत नाही. आपल्याकडे वादात ही आयत 'काफिरांना मारा' अशी सांगितली जाते, पण तिच्यात शब्द आहे 'मुश्रिक', म्हणजे ईश्वराच्या जोडीला इतरांना पूजणारे. हे मुश्रिक कोण, हे कळायला पहिल्या आयतीकडे जावे लागते. ती म्हणते: ज्या मुश्रिकांशी तुम्ही करार केले होते, त्यांच्याबाबत ही ईश्वराची आणि प्रेषिताची जबाबदारीतून मुक्तता. म्हणजे सूरहची सुरुवातच करार संपवण्याच्या जाहीर सूचनेने होते.

तो काळ हिजरी 9 चा, म्हणजे इ.स. 631. त्याआधी 628 मध्ये मक्केजवळच्या हुदैबियाला मक्केच्या कुरैश टोळीशी दहा वर्षांचा तह झाला होता. दोन वर्षांच्या आत कुरैशांच्या मित्रटोळीने मुसलमानांच्या मित्रटोळीवर रात्री हल्ला केला, कुरैशांनी त्यांना मदत पुरवली, तह मोडला आणि 630 च्या जानेवारीत मक्का पैगंबरांच्या हाती आली. मात्र आसपासच्या टोळ्यांशी केलेले निरनिराळे करार तसेच होते. काही पाळले जात होते, काही कागदोपत्रीच उरले होते आणि काहींना मुदतच नव्हती.

631 च्या हजला पैगंबर स्वतः गेले नाहीत. यात्रेचे नेतृत्व त्यांच्या ज्येष्ठ सहकाऱ्याकडे होते, जे पुढच्याच वर्षी पहिले खलिफा झाले. या आयती घेऊन मागाहून पैगंबरांचे चुलतभाऊ आणि जावई निघाले. अरबांच्या रिवाजाप्रमाणे करार केला वा मोडला, तर तो स्वतः करणाऱ्याने किंवा त्याच्या घरच्या माणसानेच जाहीर करायचा असे. कुर्बानीच्या दिवशी, मक्केजवळच्या मिनाच्या गर्दीत, त्यांनी आयती वाचून दाखवल्या आणि घोषणा केली: या वर्षानंतर कोणी मुश्रिक हजला येणार नाही, कोणी नग्न होऊन काबाची प्रदक्षिणा करणार नाही, आणि ज्याचा करार आहे त्याचा करार मुदतीपर्यंत पाळला जाईल. ऐकणाऱ्यांत मुसलमान होते तसे मुश्रिकही होते, आणि ज्यांच्याविषयी बोलले जात होते त्यांच्या तोंडावर ते बोलले जात होते. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण अचानक छापा घालायचा असता तर शत्रूला यात्रेत गाठून चार महिने आधी सांगण्याचे कारण नव्हते.

ते चार महिने दुसऱ्या आयतीत आहेत: 'चार महिने भूमीवर मोकळेपणाने फिरा.' चौथी आयत अपवाद सांगते. ज्यांनी करारात काही कसूर केली नाही आणि तुमच्याविरुद्ध कोणाला मदत केली नाही, त्यांचा करार मुदत संपेपर्यंत पाळा. भाष्यकार याचे उदाहरण म्हणून किनाना समूहातली एक टोळी सांगतात, जिच्या कराराचे नऊ महिने उरले होते. तिला चार नव्हे, पूर्ण नऊ महिने मिळायचे होते. मग पाचवी आयत येते: 'हराम महिने सरले की मुश्रिक सापडतील तिथे त्यांना मारा, पकडा, वेढा, त्यांच्यावर पाळत ठेवून बसा, पण त्यांनी तौबा केली, नमाज कायम केली, जकात दिली, तर त्यांची वाट मोकळी करा.'

खरा गुंता 'हराम महिने' या दोन शब्दांचा आहे. अरबांत पूर्वापार चार महिने पवित्र मानले जात आणि त्यांत लढाई वर्ज्य असे: जिल्काद, जिल्हिज्जा, मुहर्रम हे लागोपाठ आणि रजब वेगळा. हा अर्थ घेतला तर घोषणेच्या दिवसापासून, 10 जिल्हिज्जापासून, मुहर्रमअखेर जेमतेम 50 दिवस उरतात. दुसरा अर्थ असा की हे दुसऱ्या आयतीत नुकतेच दिलेले मुदतीचे चार महिने आहेत आणि त्या काळात हात उचलणे निषिद्ध म्हणून ते 'हराम'. तसे धरले तर मुदत 10 रबिउल आखिरपर्यंत, म्हणजे मार्च 631 पासून साधारण जुलैच्या मध्यापर्यंत जाते. फरक दोन महिन्यांहून जास्त पडतो, आणि ज्याच्या मानेवर ही मुदत टांगलेली त्याच्यासाठी तो लहान नाही.

पहिला पक्ष याच सूरहच्या 36 व्या आयतीकडे बोट दाखवतो. तिथे बारा महिन्यांपैकी चार 'हराम' असे स्पष्ट म्हटले आहे. दहाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका मोठ्या भाष्यकाराने यातून मार्ग काढला: ज्यांच्याशी करारच नव्हता त्यांच्यासाठी मुहर्रमअखेर, बाकीच्यांना चार महिने. चौदाव्या शतकातल्या दमास्कसच्या भाष्यकाराने मात्र व्याकरणाचा नियम लावला: 'ते महिने' असे निश्चित रूपात म्हटले की संदर्भ जवळच्याच उल्लेखाचा असतो. मला हेच अधिक पटते, कारण 36 वी आयत ऐकणाऱ्याच्या कानी अजून पडलेली नसते, दुसरी नुकतीच पडलेली असते.

सहावी आयत सहसा कोणी उद्धृत करत नाही. मुश्रिकांपैकी कोणी आश्रय मागितला तर तो द्या, त्याला ईश्वराची वाणी ऐकू द्या आणि मग त्याला त्याच्या सुरक्षित जागी पोहोचवा. भाष्यांमध्ये एक प्रसंग येतो. एका मुश्रिकाने मिनाला घोषणा करणाऱ्यांनाच विचारले, मुदत संपल्यावर आमच्यापैकी कोणी ऐकायला किंवा कामासाठी आला तर मारला जाईल का? ते 'नाही' म्हणाले आणि त्यांनी हीच आयत वाचली. आणि तेराव्या आयतीत लढण्याचे कारणही येते: त्यांनी शपथा मोडल्या, प्रेषिताला हाकलायचे ठरवले आणि पहिली आगळीक त्यांनीच केली.

संदर्भाने सगळे विरघळते असे मात्र नाही. सुटकेची अट तौबा, नमाज आणि जकात अशी आहे, म्हणजे व्यवहारात इस्लाम स्वीकारणे. अरबी मुश्रिकांकडून त्याऐवजी जिझिया कर चालेल का, यावर फिक्हच्या, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राच्या, पंथांत मतभेद राहिले.

पुढे 'नस्ख'च्या, म्हणजे एका आयतीने दुसरीचा हुकूम रद्द होण्याच्या सिद्धान्ताने ही आयत तिच्या शेजारातून उचलली गेली. अकराव्या शतकाच्या आरंभी बगदादच्या एका अंध विद्वानाने तिने रद्द केलेल्या आयती 124 मोजल्या. क्षमा, संयम, 'तुमचा धर्म तुम्हाला' हे सारे त्यात गेले. उलट काही जुन्या भाष्यकारांच्या मते हीच आयत 47 व्या सूरहच्या चौथ्या आयतीने रद्द झाली, जी कैद्यांना उपकार म्हणून किंवा खंडणी घेऊन सोडायला सांगते. अठराव्या शतकात दिल्लीच्या एका विद्वानाने साऱ्या कुरआनातल्या रद्द आयतींची संख्या पाचवर आणली.

आपल्याकडे हा वाद कोर्टातही गेला. 1985 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने कुरआनवर बंदी मागणारी याचिका फेटाळली आणि एप्रिल 2021 मध्ये 26 आयती वगळण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने 50,000 रुपये दंडासह फेटाळली.

1998 मध्ये अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारणाऱ्या जाहीरनाम्याच्या आरंभी ही आयत आहे, पण ती 'पाळत ठेवून बसा' इथेच तोडलेली आहे. बाराव्या शतकातल्या अंदलुसियाच्या, म्हणजे मुस्लिम स्पेनच्या, एका काजीने नेमक्या त्या गाळलेल्या भागाविषयी लिहिले होते: या आयतीने 124 आयती रद्द केल्या, आणि मग तिच्याच शेवटाने तिची सुरुवात रद्द केली.