एकाच चालीत दोघेही मेले, तर आधी कोणाला उचलायचे?

गो या खेळाचे नियम पोस्टकार्डावर मावतात. काळा आणि पांढरा आळीपाळीने पटावरच्या रेषा जिथे छेदतात त्या बिंदूंवर एकेक खडा ठेवतात. उभ्या-आडव्या लागून असलेल्या एकाच रंगाच्या खड्यांची साखळी होते, आणि साखळीला लागून असलेला रिकामा बिंदू म्हणजे तिचा श्वास. शेवटचा श्वास बुजला की सगळी साखळी पटावरून उचलली जाते. एवढे वाचून कोणीही प्रोग्रामर तासाभरात हे नियम पाळणारे इंजिन लिहील, आणि साध्या डावात ते नीट चालेलही. ते कुठे फसते हे पाहायला युनिट टेस्ट लागतात. युनिट टेस्ट म्हणजे एक छोटा प्रोग्राम, जो ठरलेली स्थिती मांडतो, एक चाल करतो आणि आलेले उत्तर आधी लिहून ठेवलेल्या उत्तराशी ताडून पाहतो.

ही स्थिती पाहा. `X` काळा, `O` पांढरा, टिंब म्हणजे रिकामा बिंदू. काळा डाव्या वरच्या कोपऱ्यात खेळतो.

```
. O X . .
O X . . .
X . . . .
. . . . .
. . . . .
```

दोन्ही पांढऱ्या खड्यांचा उरलेला एकमेव श्वास म्हणजे तो कोपरा. काळ्याने तो बुजवला की दोघेही एकदम मरतात. पण नव्या काळ्या खड्याच्या दोन्ही बाजूंना पांढरेच आहेत, म्हणजे त्या क्षणी त्यालाही श्वास नाही. तीन खडे, तिघेही गुदमरलेले. इथे नियम सांगतो, की आधी प्रतिस्पर्ध्याचे खडे उचलायचे आणि मग आपल्याकडे पाहायचे. पांढरे गेले की काळ्याला दोन श्वास मिळतात आणि तो जगतो. इंजिनमध्ये हा क्रम तीन ओळींत दिसतो:

```python
b.put(p, me)
remove_dead(b, other(me))
remove_dead(b, me)
```

आणि टेस्ट अशी:

```python
def test_corner_two_chains():
    b = Board.parse(CORNER)
    n = b.play("X", row=0, col=0)
    assert n == 2
    assert b.rows()[:3] == ["X.X..", ".X...", "X...."]
```

शेवटच्या दोन्ही ओळी लागतात. श्वास नसलेले सगळे खडे एकाच झटक्यात काढणारे इंजिन पकडलेले पांढरे खडे दोन असे बरोबर मोजू शकते, आणि तरी कोपरा रिकामा ठेवते. ‘आत्महत्या’, म्हणजे आपलाच खडा श्वासाविना ठेवणे, आधी तपासणारे इंजिन ही चालच नाकारते. पहिली मेलेली साखळी सापडताच थांबणारे इंजिन एक पांढरा मागे सोडते. एकाच टेस्टमध्ये तीन वेगळ्या चुका सापडतात, म्हणून गोचे इंजिन लिहिताना सर्वांत आधी हीच लिहावी असे माझे मत आहे.

आता एक बारकावा. पांढऱ्या साखळ्या दोन असतील तर त्यांतली आधी कोणती उचलायची? काही फरक पडत नाही. एकाच रंगाच्या दोन वेगळ्या साखळ्या एकमेकींना लागून असूच शकत नाहीत, असत्या तर ती एकच साखळी झाली असती. त्यामुळे एक उचलल्याने दुसरीला श्वास मिळत नाही. क्रम महत्त्वाचा आहे तो दोन रंगांमध्ये, एका रंगाच्या आत नाही. म्हणून साखळ्यांचा क्रम उलटसुलट करून पाहणाऱ्या टेस्ट लिहीत बसू नये.

त्याऐवजी कोपऱ्यातली स्थिती थोडी बदलून पाहावी:

```
. O X . .
O O X . .
X X . . .
. . . . .
. . . . .
```

काळा पुन्हा कोपऱ्यात खेळतो. आता पांढऱ्याची साखळी एकच आहे, तीन खड्यांची, पण ती नव्या खड्याला दोन बाजूंनी भिडते. खूपशी इंजिने नव्या खड्याच्या चारही शेजाऱ्यांकडे पाहतात आणि ज्याची साखळी मेली असेल ती मोजून उचलतात. मेलेल्यांची यादी आधी बनवून नंतर उचलणारे इंजिन ही साखळी दोनदा मोजते. पट अगदी बरोबर दिसतो, कारण रिकामा बिंदू पुन्हा रिकामा केल्याने काही बिघडत नाही. पण कैद्यांचा आकडा 3 ऐवजी 6 येतो. जपानी पद्धतीत कैदी थेट गुणांत मोजले जातात, तेव्हा निकालच बदलू शकतो. चिनी पद्धतीत पटावरचे खडे आणि वेढलेली जागा मोजतात, तिथे हीच चूक वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येणार नाही.

हाताने इतक्या स्थिती लिहिण्याऐवजी यदृच्छया हजारो डाव खेळवावेत, हे कोणालाही सुचेल. प्रत्येक चालीनंतर दोन गोष्टी तपासायच्या: पटावरच्या प्रत्येक साखळीला निदान एक श्वास आहे का, आणि आतापर्यंत ठेवलेले खडे हे पटावरचे अधिक उचललेले यांच्या बेरजेइतके आहेत का. दुसरी अट 3 चे 6 करणारी चूक लगेच पकडते. पण वरच्या तीन ओळींतल्या शेवटच्या दोन मुद्दाम आलटापालट करून पाहा. कोपऱ्यातला काळा खडा आधी उचलला जातो, त्यामुळे पांढऱ्यांना श्वास परत मिळतो आणि ते वाचतात. पट चालीच्या आधी होता तसाच उरतो. प्रत्येक साखळीला श्वास आहे, बेरीजही जुळते, आणि नियम मात्र साफ मोडलेला आहे. हजारो डाव हिरवे, म्हणजे बिनचूक ठरलेले. लाल होते, म्हणजे चूक दाखवते, ती हाताने लिहिलेली पहिली टेस्ट. असे कोड जाणूनबुजून मोडून पाहिल्याशिवाय कुठली टेस्ट खरोखर राखण करते ते कळत नाही.

श्वास मोजणारे फंक्शन मात्र बाहेरच्या आकड्याशी ताडता येते. 2×2 च्या पटावर काळा, पांढरा आणि रिकामा यांच्या 81 मांडण्या होतात. त्यांतल्या नेमक्या 57 मांडण्यांत प्रत्येक साखळीला श्वास असतो. 3×3 वर 19,683 पैकी 12,675. हे आकडे जुळले नाहीत तर पुढच्या टेस्टकडे वळूच नये.

दुसरी अवघड जागा ‘को’ची. एक खडा पकडल्यावर प्रतिस्पर्ध्याला लगेच तोच बिंदू खेळून जुनी स्थिती परत आणता येत नाही, नाहीतर डाव संपायचाच नाही. आळशी इंजिन हे असे लिहिते: एकच खडा पकडला असेल तर तो बिंदू एका चालीपुरता बंद. आता ही स्थिती घ्या, चाल पांढऱ्याची.

```
X O X . X
X O O O X
. X X X .
. . . . .
. . . . .
```

पांढरा वरच्या ओळीतल्या रिकाम्या बिंदूवर खेळून मधला एकटा काळा खडा पकडतो. आता पांढऱ्याची पाच खड्यांची साखळी आहे आणि तिचा एकच श्वास, तो नुकताच रिकामा झालेला बिंदू. काळा तिथेच खेळून पाचही उचलतो. ही चाल पूर्ण वैध आहे, कारण पट आधीच्या स्थितीवर परतत नाही. आळशी इंजिन ती नाकारते. टेस्टने `play` पाच परत देते का ते पाहावे, आणि शेजारी खऱ्या ‘को’ची स्थिती मांडून ती चाल नाकारली जाते का, हेही पाहावे. या दोन टेस्ट जोडीनेच उपयोगी पडतात. एकटी पहिली असेल तर ‘को’ची तपासणी अजिबात न करणारे इंजिनही ती पार करते.

पटावर एकाच वेळी तीन ‘को’ असले, तर हा एका चालीपुरता नियमही पुरत नाही. दोघे एकामागून एक तिन्ही ठिकाणी पकडत राहतात आणि सहा चालींनी तीच स्थिती परत येते. जपानी नियमांत असा डाव दोघांच्या संमतीने निकालाविना सोडतात. जुनी कोणतीही स्थिती पुन्हा आणण्यास मनाई करणाऱ्या नियमांत सहावी चालच अवैध ठरते. स्थिती तीच, चालीही त्याच, अपेक्षित उत्तरे दोन. म्हणून या टेस्टला पटासोबत नियमसंचाचे नावही द्यावे लागते.