‘ला’ दिसला की भावे? कर्मणी आणि भावे प्रयोगातला खरा फरक

लातूर असो, नांदेड असो की परभणी, भरतीच्या तयारीला बसलेल्या मुलांच्या वह्यांत हमखास एक ओळ सापडते: ‘कर्त्याला ने असेल तर कर्मणी, कर्माला ला असेल तर भावे.’ ही ओळ आधी खोडा. प्रत्ययाकडे बघून प्रयोग ठरत नाही. क्रियापद कोणामागे चालते, यावर तो ठरतो.

कर्तरी प्रयोग तुम्हाला येतोच. ‘मुलगा भाकर खातो, मुलगी भाकर खाते.’ कर्ता बदलला की क्रियापद बदलते. ‘नातू धडा शिकला, नात धडा शिकली’ हीसुद्धा कर्तरीच, कारण शिकणे, विसरणे यांसारखी क्रियापदे भूतकाळात कर्म असूनही कर्त्यामागे जातात. यापुढे कर्तरीवर वेळ घालवायचे कारण नाही.

गोंधळ होतो तो पुढच्या दोन वाक्यांत.

सालगड्याने वासरू सोडले.
सालगड्याने वासराला सोडले.

दोन्हीकडे ‘सोडले’. क्रियापदाचे रूप तेच, कर्ता तोच. मग फरक कसा कळणार? घोळाचे मूळ ‘वासरू’ या शब्दात आहे. तो नपुंसकलिंगी एकवचनी आहे, आणि भावे प्रयोगात क्रियापद नेहमी नपुंसकलिंगी एकवचनीच असते. त्यामुळे इथे ‘सोडले’ हे रूप वासराशी जुळून आले की कोणाशीच न जुळता आले, ते नुसते बघून सांगता येत नाही. म्हणून वासरू बाजूला करा आणि गोठ्यातले दुसरे जनावर आणा.

सालगड्याने गोऱ्हा सोडला. सालगड्याने कालवड सोडली. सालगड्याने वासरे सोडली.

कर्म बदलले तसे क्रियापद बदलत गेले. म्हणजे पहिले वाक्य कर्मणी. आता दुसऱ्याची परीक्षा घ्या.

सालगड्याने गोऱ्ह्याला सोडले. कालवडीला सोडले. वासरांना सोडले.

क्रियापद जागचे हलत नाही. आता कर्ता बदलून ‘मालकिणीने कालवडीला सोडले’ म्हणा, तरी ‘सोडले’च. कर्त्याचेही ऐकत नाही, कर्माचेही नाही, म्हणून हा भावे. परीक्षेत नपुंसकलिंगी कर्म दिसले की लगेच त्या जागी स्त्रीलिंगी शब्द घालून बघायची सवय लावा. मला हीच पद्धत सगळ्यांत भरवशाची वाटते.

एवढे कळल्यावरही मुले पुढच्या वाक्याला अडकतात: ‘मालकिणीने सालगड्याला धान्य दिले.’ वहीतल्या ओळीप्रमाणे ‘ला’ आहे, म्हणून भावे लिहून मोकळे होतात. सालगड्याच्या जागी ‘बाईला’ घातले तरी ‘दिले’ तसेच राहते, त्यामुळे उत्तर बरोबर आल्यासारखेही वाटते. पण इथे चुकीचा शब्द बदलला गेला. वाक्यात दोन कर्मे आहेत. ज्याला दिले तो सालगडी, आणि जे दिले ते धान्य. ज्या कर्माला प्रत्यय नाही, ते बदलून बघायचे. मालकिणीने सालगड्याला ज्वारी दिली, हरभरा दिला. क्रियापद लगेच हलले. प्रयोग कर्मणी. ‘आजीने नातीला गोष्ट सांगितली’ हेही तसेच. बिनप्रत्ययाचे कर्म असेल तर ‘ला’कडे लक्षच देऊ नका.

उलट बाजूचा घोळ ‘मी’ आणि ‘तू’चा. ‘मी भाकर खाल्ली’ या वाक्यात ‘ने’ नाही, म्हणून बरेच जण कर्तरी म्हणतात. हे वाक्य बाई बोलो की गडी, ‘खाल्ली’च राहते, आणि भाकरीच्या जागी आंबा आला की ‘खाल्ला’ होते. कर्मणीच आहे. मी, तू, आम्ही, तुम्ही यांना ‘ने’ दिसत नाही, एवढेच. खेड्यातली जुनी माणसे ‘म्या भाकर खाल्ली’ म्हणतात, त्यात तिसऱ्या विभक्तीचे वेगळे रूप अजून दिसते.

कर्मच नसेल तर प्रश्न सोपा. ‘मुलांनी घरी जावे’, ‘मुलीने घरी जावे’: कर्ता बदलून ‘जावे’ हलत नाही, म्हणून भावे. पण ‘मुलांनी पाटी पुसावी’ कर्मणी, कारण ‘फळा’ घातला की ‘पुसावा’ होते. ‘उजाडले’, ‘मळमळते’ यांत तर वेगळा कर्ताच सापडत नाही. ती भावकर्तरी, तिथे अडू नका.

आणि कृपा करून इंग्रजीतला पॅसिव्ह व्हॉइस आणि कर्मणी एकच समजू नका. ‘सालगड्याने कालवड सोडली’ याचे इंग्रजी वाक्य ॲक्टिव्ह होते, मराठीत मात्र तो कर्मणी आहे. पॅसिव्हच्या जवळ जाणारे मराठी वाक्य ‘सालगड्याकडून कालवड सोडली गेली’ हे. व्याकरणात त्याला नवीन कर्मणी म्हणतात. गोठ्यात उभे राहून असे कोणी बोलत नाही. सरळ ‘सोडली’ लिहिता येत असताना अर्जात आणि अहवालात ‘सोडण्यात आली’ लिहिलेले मला अजिबात आवडत नाही.