एक किलो गरामागे 80 ग्रॅम बी

"बी म्हाग झाली, खर्च वाढलो. मगे तुमचा कायझन खंय गेला?" वेंगुर्ल्याजवळ छोटा काजू कारखाना चालवणाऱ्या अण्णांनी वही माझ्यापुढे सरकवत विचारलं. अण्णा माझ्या मित्राचे वडील. आदल्या वर्षी माझ्याच आग्रहावरून त्यांनी हा प्रयोग सुरू केला होता, त्यामुळे उत्तर देणं मला भागच होतं. उत्तर त्यांच्या वहीतच होतं, पण ते दिसण्यासाठी खर्चाकडे वेगळ्या तऱ्हेने बघावं लागतं.

कायझन म्हटलं की आपल्याकडे भिंतीवरची पोस्टर, झाडलोट आणि सूचनापेटी एवढंच डोळ्यांपुढे येतं. जपानी भाषेत 'काय' म्हणजे बदल आणि 'झेन' म्हणजे चांगला. या शब्दाच्या पोटात हिशेबाची एक काटेकोर पद्धत आहे आणि तिला कायझन कॉस्टिंग म्हणतात. यासुहिरो मोंदेन आणि काझुकी हमादा यांनी 1991 मध्ये जपानी मोटार कंपन्यांचा अभ्यास करून ती इंग्रजी वाचकांपुढे मांडली. नवी गाडी कागदावर असताना तिचा खर्च ठरवतात, ते टार्गेट कॉस्टिंग. गाडी कारखान्यातून बाहेर पडायला लागल्यावर, म्हणजे जे उत्पादन आधीपासून चालू आहे त्याचा दर नगामागचा खर्च दरवर्षी थोडा थोडा खाली आणणं, ते कायझन कॉस्टिंग. काजूगर हे असंच चालू उत्पादन. त्याचं डिझाइन झाडाने ठरवलेलं आहे, आपल्या हातात फक्त प्रक्रिया.

अण्णांचे आकडे बघू. हिशेब सोपा व्हावा म्हणून मी ते ढोबळ करून घेतले आहेत. प्रयोगाच्या आधीच्या वर्षी कारखान्यात 20,000 किलो गर निघाला. एक किलो गरासाठी 4 किलो बी लागली, दर 120 रुपये, म्हणजे बीचे 480 रुपये. कटिंग, सोलाई, ग्रेडिंगची मजुरी 72, सरपण आणि वीज 10, पॅकिंग 8. एकूण 570 रुपये. याशिवाय यंत्रांचा घसारा, कर्जाचं व्याज, शेडचा खर्च मिळून वर्षाचे 10 लाख, म्हणजे किलोमागे आणखी 50. पण हे 50 रुपये लक्ष्याच्या हिशेबात धरायचे नाहीत. कटिंगला बसलेली बाई घसारा कमी करू शकत नाही, मग त्याचं उद्दिष्ट तिच्या टेबलावर ठेवण्यात अर्थ नाही.

आता लक्ष्य ठरवायचं. पुढच्या वर्षी 22,000 किलो गर काढायचा होता. गेल्या वर्षीच्या 570 रुपये दरानेच तो काढला तर खर्च 1 कोटी 25 लाख 40 हजार. अण्णांना हवा असलेला नफा आणि या खर्चाने हाती येणारा नफा यांत साधारण 5 लाखांची तफावत येत होती. त्यातली निम्मी चांगल्या भावाने विकून भरायची आणि उरलेली निम्मी खर्चातून, असं त्यांनी ठरवलं. अडीच लाख म्हणजे त्या खर्चाच्या 2 टक्के. किलोमागे 11 रुपये 40 पैसे.

टक्केवारी अशी नफ्याच्या तफावतीतून यावी लागते. पाच दिवसांच्या शिबिरात तीस टक्के खर्च कमी करून दाखवण्याची जाहिरात मी पाहिली आहे. काजूच्या धंद्यात 570 पैकी 480 रुपये बीचेच असतात हे ज्याला माहीत आहे, त्याला ती जाहिरात किती खरी ते लगेच कळेल.

11 रुपये 40 पैसे ज्या त्या खर्चाच्या वाट्याप्रमाणे वाटले की बीच्या वाट्याला 9 रुपये 60 पैसे येतात, मजुरीच्या वाट्याला 1 रुपया 44 पैसे, आणि सरपण-पॅकिंगला मिळून 36 पैसे. माझ्या मते या पद्धतीची खरी ताकद पुढच्या पायरीत आहे. रुपये बाजूला ठेवायचे आणि वस्तू मोजायची. बीचा भाव बाजार ठरवतो. कारखान्याच्या हातात असते ती किती बी लागली ही गोष्ट. 120 रुपये दराने 9 रुपये 60 पैसे म्हणजे बरोबर 80 ग्रॅम बी. 4 किलोऐवजी 3 किलो 920 ग्रॅममध्ये एक किलो गर निघाला पाहिजे. किलोला साधारण 170 बिया बसतात असं धरलं तर 680 बियांमधल्या 14 बिया वाचवायच्या. 'खर्च दोन टक्के कमी करा' म्हटलं की माणूस मान डोलावून विसरतो. 'चौदा बिया कुठे जातात ते शोधा' म्हटलं की तो खाली वाकून बघायला लागतो.

त्या कुठे जातात? वाफवलेली बी रात्रभर थंड केली की पायाने चालणाऱ्या कटिंग मशीनवर येते. पात्यांमधली जागा एका मापाच्या बीला बसेल अशी लावलेली असते. लहान बी आली तर टरफल पुरतं उघडत नाही, मोठी आली तर पातं गरापर्यंत पोचतं. वाफ कमी बसली तर गर टरफलाला चिकटून राहतो, जास्त झाली तर रंग बिघडतो. आम्ही एक साधी गोष्ट केली. दर टेबलाच्या टरफलाच्या ढिगातून रोज एक किलो टरफल काढायचं आणि त्याला चिकटलेला गर सुईने खरवडून तराजूवर ठेवायचा. पहिल्या दिवशी एका टेबलावर 12 ग्रॅम गर निघाला, शेजारच्या टेबलावर 4. दोन्ही बायका सारख्याच अनुभवी. फरक एवढाच की पहिलीला चाळणीतून नीट न गेलेल्या मिश्र बिया मिळत होत्या. मग चाळणीची दोन मापं होती त्याची तीन केली आणि प्रत्येक टेबलाला एकाच मापाची बी द्यायला सुरुवात केली. वाफेची वेळही मापाप्रमाणे वेगळी ठेवली. एवढ्यानेच बराच गर वाचला.

आदल्या वर्षी कुणीतरी वास्तूच्या सल्ल्यावरून बॉयलर शेडच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवला होता. त्यामुळे वाफेचा पाइप लांब झाला, शेवटच्या भांड्यापर्यंत पोचताना वाफ गार होऊ लागली आणि त्या भांड्यातल्या बीचा गर टरफल सोडेना. वाफेला आग्नेय दिशा कळत नाही. पाइपवर काथ्या आणि गोणपाटाचं आवरण बांधलं, तेव्हा ती तक्रार कमी झाली.

मजुरीचे 1 रुपया 44 पैसे मात्र जिवावर आले. कटिंग-सोलाईची मजुरी किलोवर असते. बाईने हात जलद चालवला तर तिला दिवसाला जास्त पैसे मिळतात, किलोमागचा खर्च तेवढाच राहतो. तो कमी करायचा तर दर कापावा लागेल, आणि दर कापला की चाळणीबद्दल पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही. म्हणून आम्ही वेगाला हात लावला नाही. बोरम्यात, म्हणजे गर सुकवायच्या भट्टीत, नीट न सुकल्यामुळे जो गर दुसऱ्यांदा सोलायला जायचा, तेवढाच कमी केला. वेग वाढवण्यात आणखी एक धोका आहे. घाईत अख्खा गर कमी आणि पाकळी-तुकडा जास्त होतो. किलोचा खर्च तेवढाच दिसतो, पण तुकड्याला भाव खूप कमी मिळतो. म्हणून खर्चाच्या आकड्याशेजारी अख्ख्या गराची टक्केवारी लिहिल्याशिवाय खर्च कमी झाला असं म्हणायचं नाही, असा नियम आम्ही केला.

आता अण्णांचा प्रश्न. वर्षअखेर वहीत बीचा खर्च किलोमागे 520 रुपये दिसत होता. आदल्या वर्षी 480 होता, म्हणजे 40 रुपयांनी वाढला. पण बीचा दर 120 वरून 132 झाला होता, आणि किलोमागे 3 किलो 940 ग्रॅम बी लागली होती. जुन्याच दराने मोजलं तर 3.94 गुणिले 120, म्हणजे 472 रुपये 80 पैसे. लक्ष्य 9 रुपये 60 पैशांचं होतं, साधले 7 रुपये 20 पैसे, म्हणजे तीन चतुर्थांश. कायझन कुठेच गेलं नव्हतं, भाववाढीच्या खाली झाकलं गेलं होतं. उलटंही होऊ शकलं असतं. दर 110 वर उतरला असता तर काहीही न सुधारता किलोमागे 40 रुपये वाचल्यासारखे दिसले असते.

दुसरा भास उत्पादन वाढल्यामुळे होतो. तेच 10 लाख 20,000 ऐवजी 22,000 किलोंवर वाटले की किलोमागे 50 चे साडेपंचेचाळीस होतात. साडेचार रुपये वाचल्यासारखे दिसतात, पण त्यासाठी कारखान्यात कुणी काहीच केलेलं नसतं, आणि पुढच्या वर्षी उत्पादन घटलं की ते परत जातात. दोन वर्षांचा ताळेबंद शेजारी ठेवून 'कायझनने इतके वाचले' असं जिथे लिहिलेलं असतं, तिथे हे दोन भास वजा केले आहेत का, ते आधी बघावं.

नेहमीच्या प्रमाण खर्चाच्या पद्धतीत 4 किलो हे प्रमाण धरून त्यापासून किती ढळलो एवढंच बघतात. कायझन कॉस्टिंगमध्ये प्रमाणच दरवर्षी खाली सरकतं. यंदा पाया 4 किलो नाही, 3.94. त्याचे 2 टक्के काढले की नवं लक्ष्य 3.86 येतं. हे किती वर्षं चालेल? ते बीलाच विचारावं लागतं. गोणीगोणीतून थोडी बी घेऊन एक किलोचा नमुना करायचा, हाताने जपून फोडायचा, गर सुकवून, सोलून तोलायचा. पहिल्या वर्षीच्या नमुन्यात 275 ग्रॅम गर निघाला होता. म्हणजे काहीही वाया न जाता एक किलो गराला 3 किलो 640 ग्रॅम बी लागणारच. 4 किलोपासून तिथपर्यंत अंतर 360 ग्रॅमचं. वर्षाला 80 ग्रॅम या चालीने ते साडेचार वर्षांत संपतं, आणि शेवटचे ग्रॅम पहिल्यांपेक्षा फार चिवट असतात. त्यानंतर टक्केवारी रेटली तर माणसं आकडे लिहायला लागतात, गर वाढत नाही. तिथे नवं यंत्र किंवा वेगळी खरेदी हाच मार्ग, आणि त्याचा हिशेब वेगळा.

यंदा फेब्रुवारीत अवेळी पाऊस झाला आणि मोहोर काळा पडला. आलेल्या बीत पोचट बिया जास्त आहेत. नमुना फोडला तर 268 ग्रॅमच गर निघाला, म्हणजे तळ 3.64 वरून 3.73 वर आला. अशा बीवर 3.86 चं लक्ष्य म्हणजे जवळजवळ काहीच वाया जाऊ न देणं. अण्णांशी बोलून आम्ही लक्ष्य तळापासून मोजायचं ठरवलं. गेल्या वर्षी तळाच्या वर 300 ग्रॅम होतो, यंदा 220 च्या आत राहायचं. म्हणून फळ्यावर 3.95 लिहिलं आहे. गेल्या वर्षीच्या प्रत्यक्षापेक्षा तो आकडा 10 ग्रॅमने जास्त आहे, आणि तरी तो गाठणं जास्त कठीण आहे. सोलाईच्या खोलीतल्या एका काकीने तो वाचून विचारलं, "ह्यो वाढवलो कित्याक?" मग अण्णांनी तिला त्या फोडलेल्या नमुन्यातल्या पोचट बिया हातात घेऊन दाखवल्या.