अंक उलगडणं आणि उच्चार ठरवणं: रोबोट नेमका कुठे चुकतो?

रुग्णालयाच्या दारात ठेवलेल्या बोलक्या रोबोटला ही ओळ वाचायची आहे: "डॉ. कदम, स. १०.३० वा., खोली क्र. ४०५, तपासणी शुल्क रु. १५०/-". तो अडखळला की सगळे म्हणतात, उच्चार चुकला. खरं तर इथे एकापाठोपाठ एक अशी दोन कामं होतात आणि बहुतेक वेळा चूक पहिल्या कामात असते.

पहिलं काम मजकूर उलगडण्याचं, म्हणजे अंक आणि संक्षेप पूर्ण शब्दांत लिहिण्याचं. "डॉ." नंतरचं टिंब वाक्य संपल्याची खूण धरलं, तर रोबोट "डॉक्टर" म्हणून थांबतो आणि मग "कदम" म्हणतो. १०.३० पुढे "वा." आहे, म्हणून ते "साडेदहा वाजता". पण हाच नियम सरसकट लावला तर १.३० चं "साडेएक" होईल. दीड आणि अडीच वेगळे नोंदवावेच लागतात. "रु." आकड्याआधी लिहितात, बोलताना मात्र तो नंतर येतो: "दीडशे रुपये". शंभरपर्यंतचे आकडे तर कोष्टकातूनच घ्यावे लागतात. एकोणतीस, पंच्याहत्तर हे दशक आणि एकक नुसते जोडून तयार होत नाहीत. "ता." पुढे अंक असेल तर तारीख, गावाचं नाव असेल तर तालुका. म्हणजे इथला प्रत्येक निर्णय शेजारचे शब्द बघून घ्यायचा असतो.

दुसरं काम ध्वनीचं. आता वाक्यात फक्त शब्द उरलेत, पण देवनागरीत सगळा उच्चार लिहिलेला नसतो. "तपासणी"मधल्या स चा अ आपण बोलत नाही, "कदम" म् वर संपतो. "चारशे पाच" या खोलीच्या क्रमांकात तर दोन वेगळे च आहेत: "चार"मधला तालव्य, "पाच"मधला दंततालव्य. लिपीत दोघांचं चिन्ह एकच, त्यामुळे हा फरक शब्दकोशातून किंवा ध्वनिमुद्रणांतूनच शिकवावा लागतो.

दोष कुठे आहे हे ओळखायची माझी पद्धत सोपी आहे. तीच ओळ पूर्ण अक्षरी लिहून रोबोटला द्यायची. आता नीट बोलला, तर उलगडण्याचे नियम दुरुस्त करायचे. तरीही चुकला, तर प्रश्न उच्चाराचा. मजकूर वाचून दाखवणारं ईस्पीक एनजी हे सॉफ्टवेअर वापरत असाल, तर ध्वनींची चिन्हं थेट पाहता येतात:

```
espeak-ng -v mr -q -x "चारशे पाच"
```

एक निर्णय मात्र कुठलाही नियम आपणहून घेऊ शकत नाही. ४०५ हा खोलीचा क्रमांक असेल तर "चारशे पाच" चालतं. मोबाइलवर आलेला सांकेतिक क्रमांक असेल तर "चार, शून्य, पाच" असंच हवं. दोन्ही ठिकाणी अंक तेच. म्हणून रोबोटच्या माहितीसाठ्यातच प्रत्येक रकान्याला प्रकार जोडून ठेवावा: वेळ, रक्कम, खोली, संकेत. वाक्यावरून अंदाज बांधत बसण्यापेक्षा ते कितीतरी खात्रीचं.